३३ घोडे लागले, म्हणजे कळतंय का?

"मॅडम, माझा धाकटा भाऊ इथेच सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो. पुण्याला रेसकोर्सवर जाऊन घोडे लावतो. वहीत ३०० डाव आहेत, २१ टक्के नफा. म्हणतो, 'ताई, हे नशीब नव्हे, मला कळतंय.' आता कर्ज काढून मोठी रक्कम लावायची भाषा करतोय. खरंच कळतंय का त्याला?"

भावाची वही चोख आहे, हारलेला एकही डाव लपवलेला नाही. प्रत्येक डाव ५०० रुपयांचा, भाव दहाचा. म्हणजे घोडा लागला की ५,००० नफा आणि लावलेले ५०० परत. ३०० पैकी ३३ लागले. लावले १,५०,००० आणि हाती आले १,८१,५००.

यातले फक्त सहा घोडे नाकभर मागे राहिले असते तर? २७ घोड्यांचे १,४८,५०० आले असते, म्हणजे दीड हजार तोटा. सगळा नफा या सहा घोड्यांवर उभा आहे.

हेच गणिताने मोजता येतं. दहाचा भाव रास्त धरला, तर एका डावाचा चढउतार लावलेल्या रकमेच्या √१० पट, म्हणजे ३.१६ पट असतो. त्याला ३०० च्या वर्गमुळाने, १७.३ ने भागलं की ०.१८ येतं. ही यील्डची, म्हणजे लावलेल्या रकमेवरच्या नफ्याच्या टक्केवारीची, प्रमाण त्रुटी: निव्वळ नशिबाने ती टक्केवारी साधारण १८ टक्के इकडेतिकडे होते. धाकट्या भावाचे २१ टक्के शून्यापासून जेमतेम एका त्रुटीवर आहेत. काहीही न कळणारे सात जण याच दहाच्या भावाने ३०० डाव खेळले, तर त्यातल्या एकाची वही साधारण अशी किंवा याहून चांगली दिसेल.

यावर भाऊ म्हणाला, "पण बुकीचा भाव रास्त नसतोच, तो आपला हिस्सा काढतो." मुद्दा बिनतोड आहे. डोळे मिटून लावणाऱ्याला १५ टक्के तोटा होतो असं धरलं, तर ३३ किंवा जास्त घोडे लागण्याची शक्यता शंभरात तीनेक उरते. पण त्यातून फार तर एवढंच निघतं की तो डोळे मिटून लावत नाही. तो कायम नफ्यात राहील, हे त्यातून निघत नाही. शिवाय कर्ज काढायचा विचार नफ्याची वही असलेल्यालाच सुचतो. बाकीच्या वह्या आपल्यासमोर येतच नाहीत.

खरं कसब ५ टक्क्यांचं असेल, तर ते दहाच्या भावात दोन त्रुटींइतकं उठून दिसायला १६,००० डाव लागतील. एकास एक भावात १,६०० पुरतात. लांबच्या भावाची हीच गोम आहे.

म्हणून वहीत एक रकाना वाढवायला सांगितलं: शर्यत सुटतानाचा शेवटचा भाव. याने दहाला घेतलेला घोडा सुटताना आठवर आला, तर बाजार त्याच्या मताकडे सरकला. सरासरीने हे बुकीच्या हिश्शापेक्षा जास्त घडत असेल, तर कळतंय म्हणायला जागा आहे. आणि घोडा लागो न लागो, दर डावाला नोंद मिळत असल्याने चित्र काही शे डावांतच स्पष्ट होतं. तोवर डाव ५०० चाच, तोही पगारातून. कर्जाचा अर्ज ताईंनी स्वतःकडे ठेवून घेतलाय.