माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच: नव्या पंचायत कारकुनासाठी

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर नुसता गोल शिक्का मारून देऊ नका. आधी आवक नोंदवहीत नोंद करा, मग प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घाला. उत्तराची ३० दिवसांची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात. तो सचिवांच्या टेबलावर कधी पोचला, याला अर्थ नाही.

समजा, पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत ३ जूनला अर्ज आला. शेजारच्या बांधकाम परवान्याची प्रत हवी आणि त्याच जमिनीचा एक-चौदाचा उतारा. पोचीत लिहा: "परवान्याबाबतचे उत्तर ३ जुलैपर्यंत मिळेल. उतारा महसूल खात्याकडचा असल्याने अर्जाचा तो भाग मामलतदारांकडे ८ जूनपर्यंत पाठवला जाईल व तसे तुम्हाला कळवू." हे वर्ग करणे ५ दिवसांत व्हावे लागते. बहुतेक ठिकाणी चुकते ते इथेच: अर्ज महिनाभर पडून राहतो आणि शेवटी "आमच्याकडे नाही" एवढेच उत्तर जाते.

प्रतींचे पैसे लागणार असतील तर तेही पोचीतच सांगा. शुल्काचे पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. अर्जदाराला हे ठाऊक नसेल तर तो ४ जुलैलाच गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिले अपील घालतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

"लवकरच कळवू" कधीच लिहू नका. तारीख लिहा. तिच्याखाली सचिवांचे पदनाम आणि कार्यालयाचा फोन.