संत्रा-मोसंबीचे भाव, मॅट्रिक्स आणि तो डिटर्मिनंट

प्रश्न: दोन वस्तूंच्या मार्केटचं गणित क्रेमर रूलनं सोडवतो, डिटर्मिनंट बरोबर येतो तरी शेवटी मागणी आणि पुरवठा जुळत नाही. चुकतं कुठे? आणि त्या डिटर्मिनंटचा बाजाराशी संबंध तरी काय?

मी नागपूरचा आहे, तर आपल्या कळमना मार्केटमधला संत्रा आणि मोसंबी घेऊ. आकडे मी गणित सोपं व्हावं म्हणून धरलेत, खरे भाव नाहीत. संत्र्याचा किलोचा भाव स, मोसंबीचा म, माल टनात. संत्रा महागला की लोक मोसंबीकडे वळतात, म्हणून एकाच्या मागणीत दुसऱ्याचा भाव अधिक चिन्हानं येतो.

```
संत्रा:  मागणी = १२० − ३स + म,  पुरवठा = −१० + २स
मोसंबी: मागणी = ४० + स − २म,   पुरवठा = −१० + २म
```

आता मागणी = पुरवठा लिहून भाव सगळे एका बाजूला आणि नुसते आकडे दुसऱ्या बाजूला न्यायचे, आणि बहुतेकांचं इथंच बिघडतं. संत्र्याच्या मागणीतला +म बाजू बदलला की −म होतो, पण घाईत तो तसाच अधिक राहतो. बरोबर मांडणी अशी:

```
 ५स −  म = १३०
 −स + ४म = ५०
```

तिरप्या रेषेवरचे ५ आणि ४ म्हणजे त्या त्या मालाच्या मागणी-पुरवठ्याचा स्वतःच्या भावाला मिळून प्रतिसाद (३+२ आणि २+२), बाजूचे −१ म्हणजे एकमेकांवरचा परिणाम. डिटर्मिनंट = ५×४ − (−१)(−१) = १९. स साठी पहिला कॉलम काढून तिथे १३०, ५० टाका: १३०×४ − (−१)×५० = ५७०, भागिले १९ म्हणजे ३० रुपये. म साठी दुसरा कॉलम बदला: ५×५० − १३०×(−१) = ३८०, म्हणजे २० रुपये. परत मूळ समीकरणात घालून बघा, संत्रा दोन्हीकडून ५० टन, मोसंबी ३० टन.

आता तुझी चूक. दोन्ही −१ चे +१ झाले तरी डिटर्मिनंट १९च येतो, कारण दोघांचा गुणाकार तोच, म्हणून तुला वाटतं सगळं बरोबर चाललंय. पण भाव साधारण २४.७ आणि ६.३ येतात, आणि ते घातले की संत्र्याची मागणी ५२ आणि पुरवठा ३९. म्हणून डिटर्मिनंटवर विसंबू नकोस, उत्तर मूळ समीकरणात घालूनच तपास.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समज आंबिया बहारात फळगळ झाली आणि प्रत्येक भावाला संत्र्याचा पुरवठा १९ टनांनी कमी झाला, तर १३० च्या जागी १४९ येतो. पूर्ण गणित परत करायची गरजच नाही, व्यस्त मॅट्रिक्स एकदा काढून ठेव:

```
१/१९ × | ४  १ |
        | १  ५ |
```

पहिला कॉलम १९ नं गुणला की संत्रा ४ रुपये वाढून ३४, मोसंबी १ रुपया वाढून २१. मोसंबीच्या बागेत काहीच झालं नव्हतं तरी तिचा भाव हलला. आणि मोसंबी २० वरच राहते असं धरून एकट्या संत्र्याचं समीकरण सोडवलं असतं तर वाढ १९÷५ म्हणजे ३.८० आली असती, उरलेले २० पैसे मोसंबी महागल्यामुळे गिऱ्हाईक परत संत्र्याकडे येतं त्याचे.

डिटर्मिनंट सांगतो तो हा परतीचा जोर. एकमेकांवरचा परिणाम १ ऐवजी ४ धरून बघ, म्हणजे लोकांना दोन्ही फळं जवळपास सारखीच, तर डिटर्मिनंट २०−१६ = ४ उरतो आणि तोच १९ टनांचा तुटवडा दोन्ही भाव १९-१९ रुपयांनी वर नेतो! तो गुणाकार २० ला पोचला की डिटर्मिनंट शून्य, मग एक ठराविक उत्तर निघतच नाही. आणि २० च्या वर गेला की तुटवड्यात भाव उतरतो असं गणित सांगायला लागतं, तसं आलं तर आकडे किंवा मॉडेल तपासायचं, कारण साधारणपणे मालावर स्वतःच्या भावाचा परिणाम दुसऱ्याच्या भावापेक्षा मोठाच असायला हवा.

वस्तू पूरक असल्या, जसं चहा आणि साखर, तर बाजूचे आकडे मॅट्रिक्समध्ये खरोखरच +१ येतात. डिटर्मिनंट तेव्हाही १९, पण व्यस्त मॅट्रिक्समधले बाजूचे १ ऋण होतात, म्हणजे चहाचा तुटवडा पडला की साखरेचा भाव उतरतो. त्यामुळे पर्यायी की पूरक हे डिटर्मिनंटवरून कळणार नाही, त्यासाठी बाजूच्या आकड्यांची चिन्हंच बघावी लागतात.