सोलरचे पैसे किती वर्षांत वसूल होतात? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : छतावर सोलर बसवलं की वीजबिल शून्य येतं ना? (अलिबाग)

नाही. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो.

प्रश्न : आमचं महिन्याला सरासरी २४० युनिट वीजबिल येतं. एजंट ३ किलोवॅट घ्या म्हणतो. किंमत १,९५,०००, त्यात ७८,००० सबसिडी. एप्रिलच्या हिशोबाने महिन्याला ४,८०० रुपये वाचतात, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल, असं त्याचं गणित. बरोबर आहे का? (देवगड)

चूक आहे. हेच गणित थोड्याफार फरकाने मला जवळपास प्रत्येक पत्रात दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एप्रिलमध्ये ३ किलोवॅटच्या पॅनेलवर साधारण ३७० युनिट तयार होतात, हे खरं. पण तुमचं घर २४० च वापरतं. जी वीज तुम्ही वापरलीच नसती तिची बचत कसली? एजंटाने सगळी ३७० युनिट तुमच्या सर्वांत महाग टप्प्याच्या दराने, म्हणजे १३ रुपयांनी गुणली आणि तोच आकडा बारा महिने चालेल असं गृहीत धरलं. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, हे त्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे!

आता वर्षाचा हिशोब मांडू. सोयीसाठी सगळे आकार आणि वीज शुल्क धरून पहिल्या १०० युनिटांना ७ रुपये आणि पुढच्या युनिटांना १३ रुपये धरतो. तुमच्या बिलावरचे खरे दर वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब पुन्हा करा. २४० युनिटांचे महिन्याला २,५२० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,२४० रुपये होतात. स्थिर आकार यात धरलेला नाही, कारण तो वाचत नाही. म्हणजे कितीही पॅनेल लावलीत तरी बिलातली बचत ३०,२४० च्या वर जाऊच शकत नाही.

३ किलोवॅट कोरड्या आठ महिन्यांत दरमहा ३७० आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा २०० युनिट देईल असं धरा. वर्षाची ३,७६० युनिट झाली, तुमची गरज २,८८०. नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात, त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्याची तूट भरून काढते. बिल जवळजवळ स्थिर आकारावर येतं. सबसिडी वजा जाता खर्च १,१७,०००. भागिले ३०,२४०, म्हणजे सुमारे ३ वर्षं १० महिने. एजंटाच्या जवळपास दुप्पट.

खरा मुद्दा मात्र पुढे आहे. मार्चअखेर तुमची सुमारे ८८० युनिट शिल्लक राहतील. आर्थिक वर्ष संपलं की ती पुढे नेता येत नाहीत. त्यांचे पैसे मिळतात, पण ज्या दराने आपण वीज विकत घेतो त्याच्या जवळपासही तो दर नसतो.

आता २ किलोवॅटचं पाहा. किंमत १,४०,००० धरू, सबसिडी ६०,०००, पदरचे ८०,०००. कोरड्या महिन्यांत दरमहा सुमारे २४७ युनिट, म्हणजे गरजेपुरती. पावसाळ्यात १३३, म्हणजे दरमहा शंभरेक युनिट विकत घ्यावी लागतील. पण ती जवळजवळ सगळी स्वस्त टप्प्यातली! चार महिन्यांत मिळून सुमारे ३,००० रुपये. वर्षाची बचत २७,२०० च्या आसपास आणि वसुली तीन वर्षांच्या आतबाहेर.

म्हणजे तिसऱ्या किलोवॅटसाठी तुम्ही सबसिडी धरूनही ३७,००० जादा मोजता आणि त्याची बिलातली बचत वर्षाला जेमतेम ३,००० रुपये. शिल्लक युनिटांना अगदी ३ रुपये भाव मिळाला असं धरलं तरी तो एक किलोवॅट साडेसहा-सात वर्षं घेतो. सोलर सर्वांत महाग टप्पा आधी पुसतं, त्यामुळे पहिले किलोवॅट भरभर कमावतात आणि शेवटचा रडत चालतो. एजंटाला मात्र मोठी सिस्टीम विकण्यात रस असतो.

घरात एसी येणार असेल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर ३ किलोवॅट योग्य ठरेल. म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि एजंटाकडून महिनावार उत्पादनाचा अंदाज लेखी मागा. जुलैचा आकडा एप्रिलइतकाच दिसला तर तो कागद तिथेच परत करा. आणि ७८,००० आधीच वजा करून भरायचे असतात असं समजू नका. ते सहसा काम पूर्ण झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतात. नेट मीटरचे सध्याचे नियम आणि शिल्लक युनिटांचा दर महावितरणच्या उपविभाग कार्यालयात विचारून मगच सही करा.

प्रश्न : घराभोवती माड आहेत. थोडी सावली पडते, चालेल का? (गुहागर)

एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर झावळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन खाली येऊ शकतं. कुणी 'थोडीच आहे' म्हणालं तर त्याला सकाळी नऊ आणि दुपारी तीनला छतावर उभं करा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा सावल्या लांबतात. मेमधली पाहणी त्यासाठी पुरेशी नाही. आणि नारळ पॅनेलवर पडला तर काच फुटते, हेही लक्षात असू द्या. सावलीची पाहणी केल्याशिवाय वसुलीचा आकडा कुणीच देऊ नये.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. गावचं घर गणपती आणि मे महिन्यात उघडतं. बसवावं का? (दापोली)

बचतीसाठी बसवू नका. बिलच नाही तर वाचणार काय?

प्रश्न : दोन कोटेशनांत २२,००० चा फरक आहे. स्वस्तवाला म्हणतो, स्ट्रक्चर सगळीकडे सारखंच असतं. (मालवण)

सारखं नसतं, आणि समुद्रकिनारी तर मुळीच नाही. सांगाडा तयार झाल्यावर संपूर्ण वितळलेल्या जस्तात बुडवलेला असेल तर तो खाऱ्या वाऱ्यात टिकतो. आधीच जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याच्या नळ्या कापून-भोकं पाडून बसवल्या, तर कापलेल्या कडेला आणि भोकांपाशी लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत का, पॅनेलला खाऱ्या हवेची चाचणी झाल्याचा दाखला आहे का, आणि जस्ताच्या थराची जाडी किती, हे लेखी घ्या. २२,००० वाचले तर तुमचा वसुलीकाळ काही महिन्यांनी कमी होईल, पण वसुली झाल्यानंतर जी वर्षं खरी कमाईची, त्यातच सांगाडा बदलावा लागला तर पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरीही तुमच्याच खिशातून. सबसिडीसाठी पॅनेलमधले सेल भारतीय बनावटीचे असावे लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये ते तसे आहेत का, हेही विचारा. शक्य असेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या विद्युत अभियंत्याला दोन्ही कोटेशनं दाखवा.

प्रश्न : पॅनेल अजून स्वस्त होतील म्हणतात. एक वर्ष थांबू का? (श्रीवर्धन)

देवगडच्या वाचकांसारखा तुमचा वापर असेल तर एक वर्ष थांबण्याची किंमत २७,००० रुपये आहे. २ किलोवॅटची किंमत वर्षात तेवढी उतरेल असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लिहून घ्या. मात्र छप्पर दुरुस्तीला आलं असेल तर आधी ते करा. पॅनेल बसल्यावर कौलं काढणं महागात जातं.