फिल्टरनं जबडा बदलतो, नथही वाकते

भावा, रंकाळ्यावरचे नवरीचे फोटो बघितले. उजेड छान पकडलायस, पण ब्यूटी फिल्टर शंभरावर ठेवलास आणि पोरगी ओळखू येईना.

फिल्टर नुसती त्वचा गुळगुळीत करत नाही. तो डोळे, नाक, जबडा यांच्या खुणा शोधून चेहऱ्यावर जाळी टाकतो आणि ती ओढतो. जबडा आत जातो, डोळे मोठे होतात. जाळीखालचं बाकीचंही सोबत सरकतं. तुझ्या फोटोत नथीचा गोल चपटा झालाय, आणि गालामागची कठड्याची सरळ रेघ वाकलीय. आधीचा-नंतरचा फोटो आलटून पालटून बघ, लगेच दिसेल. घरचे लोक तर असं काही न बघताच म्हणतात, 'ही आमची वाटत नाही.'

आता हाच फोटो हातानं कर. फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर हीलिंग ब्रशनं फक्त पुटकुळ्या काढ. हनुवटीवरचा तीळ ठेव, तो तिचाच आहे. डोळ्यांखालचा काळेपणाही वेगळ्या लेयरवर काढ, मग त्या लेयरची ओपॅसिटी चाळीस टक्क्यांच्या आसपास आण. तो पूर्ण पुसलास तर डोळ्याखालची खोलगट सावलीच जाते आणि चेहरा सपाट दिसतो. गालावरचे डाग झूम करून घासत बसू नकोस. अधूनमधून पूर्ण फोटो बघ, नाहीतर हात थांबत नाही. आकार ओढणाऱ्या लिक्विफायला हातच लावू नकोस. घामाची चकाकी मात्र बिनधास्त कमी कर.