आन्सर कीवरचा आक्षेप: जेईई मेन देणाऱ्यांचे काही प्रश्न

सर, परीक्षेत मी दुसरा पर्याय निवडला होता. तात्पुरत्या आन्सर कीमध्ये मात्र पर्यायाचा क्रमांक नाही, लांबलचक आकडा आहे. माझं उत्तर बरोबर की चूक, कसं ओळखू?

तो आकडा म्हणजे पर्यायाचा आयडी. संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा असू शकतो. तुझ्या पडद्यावरचा दुसरा पर्याय शेजारच्या मुलीला चौथा दिसला असेल. म्हणून "दोन की चार" हा हिशेब इथे चालत नाही.

jeemain.nta.nic.in वर लॉगिन करून रिस्पॉन्स शीट उतरवून घे. त्यात प्रत्येक प्रश्नाच्या उजवीकडे एक लहान चौकट असते: `Question ID`, त्याखाली `Option 1 ID` ते `Option 4 ID`, आणि शेवटी `Chosen Option`. समज, तुझ्या चार पर्यायांच्या आयडींचे शेवटचे दोन आकडे अनुक्रमे 43, 41, 44, 42 आहेत आणि `Chosen Option` समोर 2 आहे. म्हणजे तू 41 निवडलास. आता कीमध्ये तोच `Question ID` शोध आणि `Correct Option(s)` खाली काय आहे ते बघ. तिथे 41 असेल तर उत्तर बरोबर.

दरवर्षी कितीतरी मुलं पर्यायाचा क्रमांक धरून गुण मोजतात, घाबरतात आणि की चुकलीच नसताना पैसे भरून आक्षेप नोंदवतात. तेव्हा आधी सगळा पेपर आयडीने तपास, एका बैठकीत, कागदावर खुणा करत. मगच आक्षेपाचा विचार कर.

गणिताच्या एका प्रश्नाची की नक्की चुकली आहे. आक्षेपासोबत काय जोडू? क्लासच्या सरांनी व्हिडिओत तो प्रश्न चुकीचा आहे असं सांगितलंय.

व्हिडिओ हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे तज्ज्ञाने दोन मिनिटांत पडताळून बघावा असा एक कागद.

समज, प्रश्न असा आहे: x² − 5|x| + 6 = 0 या समीकरणाला वास्तव मुळं किती? कीमध्ये "2" या पर्यायाचा आयडी आहे, तुझं उत्तर "4". कागदावर सर्वांत वर `Question ID` लिही, खाली कीने दिलेला पर्याय आणि तू सुचवतोस तो पर्याय, दोन्हींचे आयडी. मग x² = |x|², म्हणून (|x| − 2)(|x| − 3) = 0, म्हणून x = ±2, ±3. कीने बहुधा ऋण मुळं सोडली आहेत, तेव्हा तीच घालून दाखव: x = −2 ला 4 − 10 + 6 = 0 आणि x = −3 ला 9 − 15 + 6 = 0. इथे थांब. "आमच्यावर अन्याय झाला" वगैरे काही लिहू नकोस.

रसायनशास्त्राचा किंवा भौतिकशास्त्रातल्या एखाद्या विधानाचा प्रश्न असेल, तर एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाचं ते पान आणि आवृत्तीचं वर्ष दिसेल असं सुरुवातीचं पानही जोड. आवृत्ती किती महत्त्वाची, ते 2024 च्या नीटमध्ये दिसलं. ती परीक्षा कागदावरची, पण मुद्दा तोच होता. अणूबद्दलच्या दोन विधानांच्या प्रश्नात एनटीएने जुन्या पुस्तकाच्या आधारे दोन पर्याय बरोबर धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं आणि एकच पर्याय बरोबर ठरला. त्यानंतर पूर्ण गुण मिळालेल्यांची संख्या 61 वरून 17 वर आली.

नोंदणी करताना त्या प्रश्नापुढच्या रकान्यांत तुला बरोबर वाटणाऱ्या आयडीवर टिक कर, सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये चढव आणि शुल्क भर. नुसतं सेव्ह केलेला, पण पैसे न भरलेला आक्षेप कोणी उघडूनही बघत नाही. मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. शेवटच्या रात्री पेमेंट अडकलं की हातात काही उरत नाही.

मी मराठीतून पेपर दिला. भाषांतरामुळे प्रश्नाचा अर्थच बदलला होता. त्यावर आक्षेप घेता येईल का?

घेता येतो, पण यश मिळणं अवघड. भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम मानायचा, असं माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मराठी माध्यमाच्या मुलावर याचा भार पडतो आणि मला हा नियम पटत नाही. परीक्षेच्या पडद्यावर इंग्रजी प्रश्नही दिसतो. मराठी वाक्य विचित्र वाटलं तर तिथेच इंग्रजीवर नजर टाकण्याची सवय सराव परीक्षांपासून लाव.

प्रत्येक प्रश्नाला 200 रुपये आणि तेही परत मिळत नाहीत. मुलाच्या यादीत पाच प्रश्न आहेत. हजार रुपये खर्च करण्यात अर्थ आहे का?

यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक गोष्ट लिहा: आक्षेप मान्य झाला तर मुलाच्या गुणांत काय बदल होईल?

चुकलेल्या बहुपर्यायी उत्तराला −1 आणि बरोबर उत्तराला +4. की बदलून मुलाचा पर्याय बरोबर ठरला तर थेट 5 गुणांचा फरक. दोन पर्याय बरोबर ठरले तर त्यांपैकी कुठलाही निवडणाऱ्याला +4. प्रश्नच रद्द झाला तर त्या शिफ्टला बसलेल्या सगळ्यांना +4, सोडवला असो वा नसो.

हा तिसरा प्रकार नीट समजून घ्या. जेईई मेनचा पर्सेंटाइल स्कोअर त्या-त्या शिफ्टमधल्या मुलांशी तुलना करून निघतो. रद्द प्रश्नामुळे मुलाचे गुण वाढले तरी शेजारच्याचेही वाढतात. फायदा एवढाच की मूळ कीप्रमाणे ज्यांना +4 मिळाले होते, त्यांची आघाडी जाते. आणि तुमचा मुलगा त्यांच्यातलाच असेल, तर प्रश्न रद्द होणं त्याच्या तोट्याचं.

तेव्हा मुलाचा पर्याय स्पष्टपणे बरोबर आहे आणि एका कागदावर सिद्ध होतो, असेच प्रश्न ठेवा. पाचांतले बहुधा एक-दोनच उरतील.

मित्राने त्याच प्रश्नावर आक्षेप घेतलाय. मीही पैसे भरू का?

गरज नाही. आक्षेप मान्य झाला तर सुधारित की सगळ्यांना लागू होते. किती जणांनी तक्रार केली यावर नाही, उत्तर बरोबर आहे का यावर तज्ज्ञ ठरवतात. फक्त मित्राने खरंच पैसे भरलेत ना, ते बघ. त्याचा पीडीएफही वाच. गणित अर्धवट असेल तर दोघं बसून नीट लिहा आणि वर्गणी काढून एकच आक्षेप भक्कम करा.

एमएचटी-सीईटीला तर प्रत्येक आक्षेपाला 1000 रुपये पडले आहेत, तिथे असं मिळून करणं आणखी गरजेचं. की चुकीची निघाली तर ते पैसे परत मिळायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. चूक परीक्षा घेणाऱ्यांची आणि ती दाखवण्याची किंमत शेतमजुराच्या मुलीने मोजायची, हे बरोबर नाही.

अंतिम की आली, तरी चूक तशीच आहे. आता कोर्टात जावं का?

आक्षेप मान्य झाला की नाही हे एनटीए कुणाला वैयक्तिक कळवत नाही. अंतिम की पाहूनच ते समजतं, आणि नियमाप्रमाणे ती अंतिमच.

न्यायालयाची पातळी फार उंच आहे. कानपूर विद्यापीठाच्या 1983 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, की चुकीची आहे हे स्पष्टपणे सिद्ध होत नाही तोवर ती बरोबरच धरायची. लांबलचक युक्तिवाद करून चूक दाखवावी लागत असेल तर ते पुरेसं नाही. डिसेंबर 2017 च्या रणविजय सिंह खटल्यात तर शंका असेल तेव्हा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, असं सांगितलं. वर दिलेल्या उदाहरणासारखं, −2 घालून शून्य येतं इतकं उघड असेल, तरच वकिलाकडे जा. जाताना आक्षेपाची पावती आणि तोच एक पानाचा पीडीएफ बरोबर ठेव. मुदतीत आक्षेप घेतलाच नव्हता, तर "तेव्हा का बोलला नाहीस?" हा प्रश्न सगळ्यात आधी येईल.