‘ऑडी अल्टरम पार्टेम’ मराठीत आणताना

निकालपत्राचा अनुवाद हाती घेतलात की लॅटिन सूत्राचा शब्दार्थ शोधण्याआधी ते सूत्र त्या वाक्यात कोणते काम करते आहे, हे पाहावे. ‘ऑडी अल्टरम पार्टेम’चा शब्दशः अर्थ ‘दुसऱ्या पक्षाचे ऐका’ एवढाच आहे. पण १९७८ च्या मेनका गांधी प्रकरणात, जिथे कारणे न देता पारपत्र अडकवून ठेवले होते, न्यायालय या तत्त्वाचीच चर्चा करते. अशा ठिकाणी पहिल्या उल्लेखात सूत्र देवनागरीत ठेवून लगेच ‘बाधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज तिच्याविरुद्ध निर्णय घेऊ नये, हे तत्त्व’ असा खुलासा करावा. येथे नुसते ‘सुनावणी’ लिहू नये, कारण ही संधी लेखी निवेदनानेही देता येते आणि निकडीच्या प्रसंगी आदेशानंतरही.

सूत्र केवळ ओघात आले असेल, तर ते गाळून आशय क्रियापदात आणावा. ‘सूत्राची पायमल्ली झाल्याने आदेश टिकू शकत नाही’ याऐवजी ‘अर्जदाराचे म्हणणे न ऐकताच काढलेला हा आदेश टिकू शकत नाही’ हे वाक्य अधिक नेमके आहे.

जुन्या इंग्रजी वाक्प्रचारांत ‘विदाउट प्रेज्युडिस’ सर्वांत फसवा. त्याचे ‘पूर्वग्रहाविना’ झालेले दिसते. खरे तर ‘पक्षकारांच्या हक्कांना बाधा न येता’ असा त्याचा अर्थ असतो, आणि नेमके कोणाचे व कोणते हक्क, हे मागच्या परिच्छेदातून शोधून मगच लिहावे.