स्नेहसंमेलनाच्या निवेदनाची संहिता तपासताना

प्रश्न: आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन नववीच्या दोन मुली करणार आहेत. संहिता लिहून झाली आहे, पण वाचताना तेच तेच वाटतं. गेल्या वर्षी कार्यक्रमही तासभर लांबला होता. संहिता नेमकी कशी तपासायची?

उत्तर: रंगीत तालमीच्या दिवशी संहिता आणि घड्याळ घेऊन विंगेत उभे राहा. एक कार्यक्रम संपल्यापासून पुढच्या कार्यक्रमातलं शेवटचं मूल आपल्या जागी पोचेपर्यंत किती सेकंद गेले, ते प्रत्येक निवेदनाशेजारी समासात लिहा. मग मुलींना माइकवर बोलायच्या वेगाने तेवढाच मजकूर वाचायला सांगून तोही आकडा लिहा. संहितेतले बहुतेक दोष या दोन आकड्यांच्या फरकात सापडतात.

आमच्या शाळेत मी पहिल्यांदा असं मोजलं, तेव्हा पहिलीच्या 24 मुलांचं कोळीनृत्य होतं आणि त्यानंतर सहावीची पाणीटंचाईवरची नाटिका. टोपल्या सांभाळत मुलं बाहेर पडणार, मग टेबल, दोन खुर्च्या आणि रहाटाची विहीर आत येणार. याला शंभर सेकंद लागले. संहितेत होतं: "वा! काय सुंदर नृत्य होतं! चिमुकल्यांनी तर मनच जिंकलं. टाळ्या झाल्याच पाहिजेत! यानंतर सादर होत आहे नाटिका..." हे संपलं चौदा सेकंदांत. उरलेला सव्वा मिनिटाहून जास्त वेळ त्या मुलीने "टाळ्यांचा आवाज कमी येतोय" असं तीनदा म्हणत काढला. ती पोकळ वाक्यं तिने हौसेने घेतली नव्हती. तिच्या हातात दुसरं काही आम्ही दिलंच नव्हतं.

म्हणून निवेदनाची लांबी त्या जागेच्या गरजेवर ठरवा. एकट्या मुलाचं गाणं असेल तर दोन वाक्यं पुरतात, तिथे चारोळी कापून टाका. सामान हलणार असेल तिथे मजकूर वाढवा, पण तो त्या कार्यक्रमाच्या पोटातला हवा. नाटिका बसवणाऱ्या मुलांशी आम्ही दहा मिनिटं बोललो आणि निवेदन असं झालं: "कोळ्यांची होडी समुद्रात गेली. आता आपण जाऊ अशा गावात, जिथे फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसतो. ही नाटिका सहावीच्या मुलांनी स्वतः लिहिली. त्याआधी त्यांनी घरी आजी-आजोबांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारलं. एकीची आजी तेव्हा आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची आणि तिथे मिळणारी सुकडी धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायची..." लोक गप्प होऊन ऐकत होते आणि मागे विहीर लागत होती. अशा मजकुराच्या शेवटी कंसात दोन-तीन राखीव वाक्यं ठेवा, लागली तर वापरायची.

कार्यक्रमाचं नाव मात्र सगळ्यात शेवटी. विंगेतल्या बाईंनी टॉर्च दाखवला, की मगच नाव घ्यायचं. साउंडवाला आणि पडदा ओढणारा दादा त्या नावावरच हात हलवतात, आणि लोकही नाव ऐकूनच टाळ्या वाजवतात. नाव आधी गेलं की टाळ्या रिकाम्या स्टेजला मिळतात. तुमच्या संहितेत नाव पहिल्या वाक्यात आलं असेल तिथे खूण करा आणि ते खाली ढकला.

वेळेचा हिशेब आता सोपा आहे. सोळा कार्यक्रम म्हणजे मधल्या पंधरा जागा. संहितेप्रमाणे पंधरा-पंधरा सेकंद धरले, तर पावणेचार मिनिटं. प्रत्यक्षात सरासरी दीड मिनिट गेलं, तर साडेबावीस. पत्रिकेत ही तफावत कुणी धरत नाही. तुमचा उरलेला उशीर बहुधा सत्कार आणि बक्षिसांत गेला असेल. "शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन सत्कार करावा अशी मी नम्र विनंती करते" हे वाक्य आठ वेळा आलं असेल, तर एकदाच ठेवा आणि पुढे फक्त नावं घ्या. बक्षिसांना एक मूल स्टेजवर असताना पुढच्या दोघांची नावं घेऊन त्यांना पायरीपाशी उभं करा. एका मुलामागे दहा सेकंद वाचले, तरी तीस बक्षिसांत पाच मिनिटं हाती लागतात. मोकळ्या मैदानावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, आणि शेवटी ठेवलेलं दहावीचं नृत्य त्यातच कापलं जातं. त्या मुलांचं ते शाळेतलं शेवटचं स्नेहसंमेलन असतं, म्हणून मी या मिनिटांवर इतकी अडून बसते.

एक जागा खास बघा. गंभीर नाटिकेनंतर संहितेत लगेच "वा, क्या बात है!" असेल, तर ते काढा आणि तिथे लिहा: "दिवे लागेपर्यंत थांबणे. मनात पाच मोजणे." तालमीत मुलींना ही शांतता लांबलचक वाटते आणि त्या दोनवरच बोलायला लागतात. आमच्या मुलीला मी विंगेतून बोटांवर पाच मोजून दाखवत होते.